उन्हाळ्यात केकचं क्रीम रवाळ का होतं?

मे महिन्यात आपल्या एका ताईंचं अर्धा किलो क्रीम रवाळ झालं. त्यांना वाटलं, पाकीटच खराब. पण कारण गरमी होती. क्रीम गरम झालं की फुलत नाही, म्हणून आपण फेटतच राहतो आणि त्याचे कण होतात.

गोठलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढा. फेटताना भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, बीटर मध्यम वेगावर चालवा. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा जरासा वाकला, की थांबा. पायपिंग बॅगमध्ये दाबताना क्रीम आणखी घट्ट होतं. बॅगेत थोडंच भरा, हाताची ऊब लागते. बाकीचं फ्रीजमध्ये ठेवा.

तरी रवाळ झालंच, तर न फेटलेलं थंड क्रीम दोन चमचे घालून हाताने हलकेच मिसळा. पाणी सुटलं असेल, तर मात्र ते क्रीम सजावटीला वापरू नका.