भाग पुनर्खरेदी : विसरली जाणारी दुसरी नोंद

कंपनी स्वतःचेच भाग अधिमूल्य देऊन परत विकत घेते, तेव्हा हिशेबात काय घडते? समजा, एका कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याचे १०,००० समभाग प्रत्येकी २५ रुपयांना राखीव निधीतून परत घेतले. पहिली नोंद अशी होईल :

समभाग भांडवल खाते नावे १,००,०००
सर्वसाधारण राखीव निधी खाते नावे (अधिमूल्य) १,५०,०००
बँक खाते जमा २,५०,०००

हे भाग रद्द होतात आणि धनकोंना आधार असलेले भांडवल एक लाखाने घटते. ती तूट भरून काढण्यासाठी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६९ नुसार दर्शनी मूल्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी लागते :

सर्वसाधारण राखीव निधी खाते नावे १,००,०००
भांडवल परतफेड राखीव निधी खाते जमा १,००,०००

हा निधी लाभांश म्हणून वाटता येत नाही. त्यातून केवळ पूर्ण भरणा झालेले बोनस भाग देता येतात. म्हणजेच वाटपयोग्य निधी दीड नव्हे, अडीच लाखांनी घटतो.

दुसरी नोंद राहिली तरी ताळेबंद जुळतोच, कारण दोन्ही खाती एकाच बाजूची आहेत. म्हणून भांडवल जितके घटले तितकाच हा निधी वाढला आहे का, हे वाचकाने स्वतः पडताळावे.