अठराव्या ओळीतले माडिया

जात मोजावी की नाही, हा वाद आता मागे पडला. केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ-तारीखही जाहीर झाली. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आदिवासींची मोजणी नवी नाही, स्वतंत्र भारताच्या प्रत्येक जनगणनेत ती झाली आहे. तरीही राज्यातल्या माडियांपैकी किती जणांना लिहिता-वाचता येतं, हे जनगणनेचे प्रसिद्ध तक्ते सांगत नाहीत.

जिवतीच्या पहाडावरचे कोलाम तक्त्यात दिसतात. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची वेगळी नोंद आहे, म्हणून २०११ मध्ये राज्यात ते सुमारे १ लाख ९४ हजार होते, त्यांत शिकलेले किती, मजुरीवर जगणारे किती, हे काढता येतं. माडियाही कोलामांसारखीच सरकारमान्य आदिम जमात. पण यादीत माडिया येतात ते अठराव्या नोंदीत, गोंडांच्या पोटात. त्या एका नोंदीत राजगोंड, कोया, कोयतोर, माडिया, मुडिया, ओझा, माना अशी पन्नासेक नावं आहेत. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरमध्ये नाचातली शिंगं पाहून ‘बायसनहॉर्न मारिया’ असं नाव दिलं होतं, तेही तिथे जाऊन बसलं आहे! माना समाज गोंडांची पोटजमात नसून स्वतंत्र जमात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. यादीतली जागा मात्र तीच.

वस्तीवर जाणारा प्रगणक बहुधा जिल्हा परिषद शाळेतला गुरुजी असतो. ‘जमात कोणती?’ म्हटलं की कुणी ‘माडिया’ सांगतो, कुणी ‘कोयतोर’, कुणी सरळ ‘गोंड’. गुरुजी लिहून घेतात. छापील तक्त्यात तिन्ही उत्तरं एकाच ओळीत जातात आणि राज्यातली ती ओळ सोळा लाखांवर माणसांची होते.

यात काय हरवतं, ते मनाशी आकडे धरून पाहू. एका ओळीत हजार माणसं आहेत. आठशे सडकेलगतच्या गावांतली, त्यांत शंभरी सत्तर साक्षर. दोनशे नदीपल्याडच्या पाड्यांतली, त्यांत शंभरी चाळीस. सगळ्यांची सरासरी येते चौसष्ट. ती वाचणाऱ्या साहेबाला वाटतं, थोडंच कमी आहे. पल्याडच्या दोनशेंचं चाळीस त्याला दिसतच नाही.

मग नमुना पाहणीतून काढावं म्हटलं, तर तिथेही अडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घराची जात-जमात विचारतात. त्यातूनच कळलं की २०१५-१६ च्या पाहणीत देशात हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं अनुसूचित जमातींत ५७ होती आणि जातीय आरक्षणाबाहेरच्या ‘इतर’ गटात ३८-३९. हा प्रश्न वगळला असता तर दोन्ही आकडे एकाच सरासरीत विरघळले असते. पण जिल्ह्यातून जेमतेम काही शे घरं निवडली जातात. त्यांत माडियांची किती येणार? दहा-पंधरा घरांवरून बालमृत्यूचा दर काढणं म्हणजे मटका लावणं. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात आदिवासींची स्वतंत्र आकडेवारीच मिळत नसल्याची तक्रार केली होती. गडचिरोलीत गावोगाव जन्म-मृत्यू नोंदवून अर्भकमृत्यू मोजणाऱ्या माणसाने ती करावी, याला वजन आहे.

ओळीची हद्द हलली की काय होतं, याचा दाखलाही घरचाच आहे. महाराष्ट्रात १९७१ ला अनुसूचित जमातींचे लोक साडेएकोणतीस लाख होते, १९८१ ला पावणेअठ्ठावन्न लाख. दहा वर्षांत कुणाचीही लोकसंख्या दुप्पट होत नसते. झालं होतं ते एवढंच, की ठरावीक तालुक्यांतच अमुक जमात ‘अनुसूचित’ धरायची ही अट १९७६ च्या कायद्याने काढली. काहींना हक्काची नोंद मिळाली, काहींनी नावसाधर्म्याचा फायदा घेतला. दोन जनगणनांमधली तुलना मात्र तिथेच मोडली. त्या दशकात आदिवासींची साक्षरता वाढली म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागतं, कोणत्या आदिवासींची?

ओळी काढून टाका आणि जो जे सांगेल ते लिहा, हाही उपाय नव्हे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत तेच केलं. एकट्या महाराष्ट्रातून जातींची सव्वाचार लाखांवर नावं निघाली, आणि त्यातल्या ९९ टक्के नावांखाली शंभर माणसंही नव्हती. एकच जात दहा तऱ्हांनी लिहिली, आडनावं लिहिली, गोत्रं लिहिली. ते आकडे सरकारने वापरलेच नाहीत.

माझं मागणं छोटं आहे. दाखल्यासाठी नोंद अठरावीच राहू द्या, तो वेगळा आणि स्फोटक विषय आहे. पण प्रगणकाला पोटनाव यादीतून निवडू द्या, आणि तक्ता छापताना त्या नोंदीखाली पोटओळी छापा. या जनगणनेत मोजणी मोबाइलवर होणार आहे, जागा पुरत नाही ही सबब उरलेली नाही. तक्ते आले की मी आधी गोंडांच्या ओळीखाली बघणार आहे, माडिया आहेत का ते.