ब्रोकरेज शून्य, तरी 41 रुपये कुठे गेले?
शेअर ॲपचा प्लॅन निवडताना : टक्केवारी, ठरावीक फी आणि कुठल्याच प्लॅनमध्ये न बसणारे खर्च

उचगाव : दहा हजारांचे शेअर घेतले, काही दिवसांनी अकरा हजारांना विकले. ॲपवर ‘ब्रोकरेज शून्य’ असं ठळक लिहिलेलं होतं. म्हणजे हजार रुपये सुटले असं कुणीही धरून चालेल. हिशेब बघायला गेलं तर साधारण 959 रुपयेच हातात येतात. मधले 41 रुपये ब्रोकरेजचे नाहीत, त्यामुळे ब्रोकरेज माफ करणारा कुठलाही मासिक प्लॅन ते वाचवू शकत नाही. हे पैसे कुठे जातात आणि आपल्याला कुठला प्लॅन परवडतो, ते एकाच उदाहरणावरून बघू.

आधी ब्रोकरेजचे तीन प्रकार

पहिला प्रकार जुना, टक्केवारीचा. बेळगाव-निपाणीत ज्यांनी सब-ब्रोकरच्या ऑफिसात बसून किंवा फोनवरून शेअर घेतलेत, त्यांना ‘पन्नास पैसे ब्रोकरेज’ ही बोली माहीत असेल. पन्नास पैसे म्हणजे शंभर रुपयांच्या व्यवहाराला 50 पैसे, अर्थात 0.50 टक्के. व्यवहार मोठा झाला की ब्रोकरेजही वाढतं, आणि घेताना व विकताना दोन्ही वेळा लागतं.

दुसरा प्रकार ठरावीक फीचा. बेंगळुरूच्या झिरोधाने 2010 मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळवली. ऑर्डर दहा हजारांची असो की दहा लाखांची, फी तीच. बाजारात 20 रुपये प्रति ऑर्डर हा आकडा सगळ्यात जास्त दिसतो. झिरोधाने 2015 च्या अखेरीस डिलिव्हरीवरचं, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्याच्या व्यवहारावरचं, ब्रोकरेजच काढून टाकलं. त्यानंतर इतरही काही ॲप त्या वाटेने गेली.

तिसरा प्रकार वर्गणीचा. महिन्याला किंवा वर्षाला ठरलेली रक्कम भरायची, मग ऑर्डरमागे ब्रोकरेज नाही किंवा अगदी कमी.

तोच व्यवहार, तीन हिशेब

आता 10,000 ला खरेदी आणि 11,000 ला विक्री हाच व्यवहार तिन्ही प्रकारांत घालून बघू. वर्गणी समजण्यासाठी महिना 199 रुपये धरू. ब्रोकरेज आणि वर्गणी दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच खालचे आकडे दिलेत.

- टक्केवारी, 0.50 टक्के : खरेदीवर 50, विक्रीवर 55, जीएसटीसह 123.90 रुपये.
- ठरावीक फी, ऑर्डरला 20 रुपये : दोन ऑर्डरचे 40, जीएसटीसह 47.20 रुपये.
- वर्गणी : महिन्याचे 199, जीएसटीसह 234.82 रुपये. त्या महिन्यात हा एकच व्यवहार केला तर सगळा भार याच्यावरच.

यावरून ठरावीक फी नेहमीच स्वस्त असं वाटेल, पण तसं नाही. 0.50 टक्क्याने 20 रुपये ब्रोकरेज व्हायला ऑर्डर 4,000 रुपयांची असावी लागते. त्याखाली टक्केवारीच स्वस्त. दर महिन्याला 1,500 रुपयांचे शेअर साठवणाऱ्याला टक्केवारीने साडेसात रुपये पडतात, ठरावीक फीने 20. म्हणजे गुंतवणुकीच्या सव्वा टक्क्याहून जास्त रक्कम खरेदीच्या दिवशीच गेली. म्हणून ॲपच्या दरपत्रकात ‘20 रुपये किंवा अमुक टक्के, यातलं जे कमी असेल ते’ असे शब्द आहेत का, ते शोधा. ‘जे कमी’ असेल तर लहान ऑर्डरवाल्याचा बचाव होतो. पण त्याच ओळीत पुढे ‘किमान इतके रुपये’ असंही लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर टक्केवारीचा फायदा तिथेच संपतो.

वर्गणीचं गणित आणखी सोपं. 199 ला 20 ने भागलं की जवळपास 10 येतात. महिन्याला दहापेक्षा जास्त ऑर्डर होत असतील तरच वर्गणी परवडते. पाच कंपन्या घेतल्या आणि पाच विकल्या की दहा झाल्या. वर्षातून चार-सहा वेळा खरेदी करून शेअर ठेवून देणाऱ्याने वर्गणी भरणं म्हणजे महिन्यातून एकदा बेळगावला जायचं आणि बसचा महिन्याचा पास काढायचा.

मोजताना एक लक्षात ठेवा. फी ऑर्डरला असते. एकाच दिवशी एक ऑर्डर चार तुकड्यांत पूर्ण झाली तरी फी एकदाच. तीच ऑर्डर आज अर्धी झाली आणि उरलेली उद्या पुन्हा टाकली, तर फी दोनदा.

प्लॅनच्या बाहेरचे 41 रुपये

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्या तिन्ही हिशेबांत हे 41 रुपये अजून धरलेलेच नाहीत. ते तिन्हींवर सारखेच लागतात.

सगळ्यात मोठा भाग एसटीटीचा, म्हणजे रोखे व्यवहार कराचा. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का. आपल्या उदाहरणात 10 अधिक 11, म्हणजे 21 रुपये. हा कर थेट केंद्र सरकारला जातो, ब्रोकर फक्त गोळा करून देतो. तोट्यात विकलं तरी हा लागतोच.

दुसरा भाग स्टॅम्प ड्युटीचा. ही फक्त खरेदीवर, 0.015 टक्के, म्हणजे दीड रुपया. एक्सचेंजचं व्यवहार शुल्क लाखाला साधारण 3 रुपये, म्हणजे आपल्या 21,000 च्या एकूण उलाढालीवर 63 पैसे. सेबीचं शुल्क कोटीला 10 रुपये, म्हणजे इथे 2 पैसे. शेवटच्या या दोन्हींवर जीएसटी 12 पैसे. एसटीटी आणि स्टॅम्प ड्युटीवर जीएसटी लागत नाही.

एक्सचेंजच्या शुल्कामागे एक गोष्ट आहे. पूर्वी ज्या ब्रोकरची उलाढाल मोठी, त्याला एक्सचेंज कमी दर लावायचं. ग्राहकाकडून मात्र वरचा दर घेतला जायचा आणि मधला फरक ब्रोकरकडे राहायचा. सेबीने 1 जुलै 2024 च्या परिपत्रकाने हे बंद केलं. 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्यांना एकच दर, आणि ग्राहकाकडून घेतलेली रक्कम एक्सचेंजला पोचते तेवढीच असली पाहिजे. ती कमाई गेल्यावर काही ॲपनी आधी मोफत असलेल्या डिलिव्हरीवर ब्रोकरेज सुरू केलं. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राने सांगितलेला ‘फ्री’ प्लॅन आज तसाच असेल असं धरू नका.

न दिसणारा खर्च : डीपी चार्ज

आतापर्यंत 23 रुपये 27 पैसे झाले. उरलेले 17 रुपये 70 पैसे डीपी चार्जचे. आपले शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीत जमा असतात. विकले की ते आपल्या डीमॅट खात्यातून बाहेर काढावे लागतात, त्याची ही फी. ॲपनुसार ती वेगवेगळी आहे. आपण 15 रुपये अधिक जीएसटी धरली. घेताना ही फी नाही, फक्त विकताना.

ही फी दिवसाला, एका कंपनीमागे एकदा लागते. शेअर किती विकले याचा संबंध नाही. यातच लहान गुंतवणूकदार फसतो. समजा, एका कंपनीचे 3,000 रुपयांचे शेअर सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी हजार-हजाराचे करून विकले. डीपी चार्ज तीनदा, 53 रुपये 10 पैसे. तेच सोमवारीच तीन वेळा करून विकले असते तर 17 रुपये 70 पैसेच. आणि एकाच दिवशी तीन वेगळ्या कंपन्या विकल्या तरी तीनदा लागणारच.

गंमत म्हणजे हा खर्च कॉन्ट्रॅक्ट नोटवर सहसा दिसत नाही. व्यवहार झाल्यावर 24 तासांत ईमेलवर येणाऱ्या त्या नोटेत ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी वेगवेगळे लिहिलेले असतात. डीपी चार्ज मात्र लेजरमध्ये, म्हणजे खातेउताऱ्यात, वेगळा पडतो. म्हणून फक्त नोट बघून हिशेब लावला की पैसे जुळत नाहीत. दोन्ही समोर ठेवूनच जुळवा.

लेजरमध्येच डीमॅट खात्याचा वार्षिक देखभाल खर्चही दिसतो. 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या नियमाने मूलभूत सेवा खात्यात 4 लाखांपर्यंतचे शेअर असतील तर हा खर्च शून्य आणि 4 ते 10 लाखांपर्यंत वर्षाला 100 रुपये. अट एकच, पहिला खातेदार म्हणून तुमच्या नावावर सगळीकडे मिळून एकच डीमॅट असलं पाहिजे. ‘खातं फुकट उघडा’ म्हणून तीन ॲपवर तीन खाती काढली की ही सवलत जाते.

याखेरीज इंट्राडे सौदा वेळेत बंद केला नाही आणि ब्रोकरने बंद केला, फोनवरून ऑर्डर दिली, किंवा उधारीवर शेअर घेतले, तर त्याचे पैसे आणि व्याज वेगळं. वर्गणीत हे धरलेलं नसतं.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

आपल्या भागातल्यांना पडणारा एक प्रश्न. उचगावचा माणूस आणि बाचीच्या पुढे शिनोळीचा माणूस, दोघांनी एकाच ॲपवर तोच व्यवहार केला तर खर्च सारखा येईल का? येतो, पण नोट वेगळी दिसते.

ब्रोकरची जीएसटी नोंदणी कर्नाटकात असेल तर उचगावच्या पत्त्यावर सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9 टक्के अशा दोन ओळी येतात. शिनोळीच्या पत्त्यावर आयजीएसटी 18 टक्के अशी एकच ओळ. बेरीज तीच. त्यामुळे भावाच्या नोटेत नसलेला कर आपल्याला लावला, असा समज करून घेऊ नका.

स्टॅम्प ड्युटीत मात्र पूर्वी खरंच फरक होता, कारण प्रत्येक राज्याचा दर वेगळा होता. 1 जुलै 2020 पासून देशभर एकच दर झाला. पैसे व्यवहाराच्या जागीच कापले जातात आणि खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला पोचतात. म्हणजे उचगावच्या माणसाचा दीड रुपया बेंगळुरूला, शिनोळीच्या माणसाचा मुंबईला. खिशातून जातो तो दोघांच्याही सारखाच.

शेवटचा हिशेब

हजार रुपयांच्या नफ्यातून टक्केवारीच्या प्लॅनमध्ये साधारण 165 रुपये गेले, ठरावीक फीत 88 आणि वर्गणीत, तो एकच व्यवहार धरला तर, 276. शून्य ब्रोकरेज असतं तरी 41. शेअर विकल्यावर लागणारा आयकर यात धरलेला नाही.

प्लॅन निवडण्याआधी गेल्या वर्षीचं लेजर उघडा आणि दोनच गोष्टी मोजा : महिन्याला सरासरी किती ऑर्डर झाल्या आणि एक ऑर्डर सरासरी किती रुपयांची होती. प्लॅन त्यावरून ठरतो. दरपत्रकात नसलेली रक्कम कापलेली दिसली तर आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या scores.sebi.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लेजर, दोन्ही जपून ठेवा.