कंपनीच्या प्रस्तावित नावाची उपलब्धता : शोध आणि सादृश्याचे निकष

प्रस्तावना

नवी कंपनी स्थापन करू इच्छिणारे प्रवर्तक प्रथम कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधून पाहतात. तंतोतंत तेच नाव आढळले नाही, की ते उपलब्ध आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक अपुरे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ नुसार प्रस्तावित नाव विद्यमान कंपनीच्या नावाशी केवळ एकरूप नव्हे, तर अतिसदृशही असता कामा नये. हे सादृश्य कसे ठरवावे, हे कंपनी निगमन नियम, २०१४ मधील नियम ८ स्पष्ट करतो.

सादृश्याचा निकष

२०१९ मध्ये सुधारलेल्या या नियमानुसार दोन नावांची तुलना करताना काही फरक विचारात घेतले जात नाहीत. ‘प्रायव्हेट लिमिटेड’सारखी शेवटची पदे, एकवचन-अनेकवचन, शब्दांमधील अंतर, विरामचिन्हे, शब्दांचा क्रम आणि उच्चार कायम ठेवून बदललेली अक्षररचना हे त्यांपैकी प्रमुख होत. विद्यमान नावात स्थळाचा उल्लेख नसेल, तर त्याला नुसते स्थळनाम जोडल्यानेही नाव वेगळे ठरत नाही. संपूर्ण नावाचे हिंदी वा इंग्रजी भाषांतरही सदृशच मानले जाते.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, Krishi Angan Private Limited ही कंपनी नोंदलेली आहे आणि प्रवर्तकांना Krushiangan Pune Private Limited हे नाव हवे आहे. नेमके हेच नाव शोधल्यास काही न सापडण्याचा संभव आहे. परंतु शेवटची पदे आणि ‘पुणे’ वगळले, दोन शब्दांतील अंतर दुर्लक्षिले आणि ‘कृ’ या अक्षराची दोन रोमन रूपे एक मानली, की दोन्ही नावे एकच ठरतात. मराठी नावांत ही अडचण वारंवार उद्भवते. ‘श्री’ हा शब्दही Shri, Shree, Sri अशा तीन प्रकारे लिहिला जातो. म्हणून नावाचा गाभा वेगळा काढून त्याची प्रत्येक संभाव्य अक्षररचना, जोडून आणि तोडून, स्वतंत्रपणे शोधणे आवश्यक असते.

शोधाच्या मर्यादा

कंपन्यांच्या नोंदवहीत व्यापारचिन्हे नसतात. त्यामुळे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, व्यवसायाशी संबंधित वर्गात, उच्चारसाम्यानुसार दुसरा शोध घ्यावा लागतो. नावाला मंजुरी मिळाली तरी धोका पूर्णतः टळत नाही. कलम १६ नुसार नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा धारक कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत नावबदलासाठी अर्ज करू शकतो. आदेश झाल्यास कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. तोवर छापलेली देयके, फलक आणि मिळवलेली ओळख वाया जाते.

समारोप

सारांश, शोधात नाव न सापडणे हा नावाच्या उपलब्धतेचा पुरावा नव्हे. नियमाने दुर्लक्षित केलेले फरक वगळल्यानंतरही जे नाव वेगळे उरते, तेच अर्जास योग्य होय.