खोली रंगवायची, पण रंग किती आणि मजुरी किती?



ऊस बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की दिवाळीआधी घराला रंग काढायचा विचार पुष्कळ घरांत होतो. पेंटर येतो, खोलीत नजर फिरवतो आणि एक ठोक आकडा सांगतो. आपणही मान डोलावतो. उसाचे वजन काट्यावर बारकाईने बघणारे आपण, भिंतीचे माप मात्र टेप लावून घेत नाही!

आमच्या शेजारच्या एका सभासदाचीच गोष्ट पाहा. त्यांची बाहेरची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच. डब्यावर लिहिले होते, एका लिटरमध्ये १२० चौरस फूट. त्यांनी चार लिटरचा डबा आणला. एक हात झाला, दुसऱ्या हाताची जेमतेम एक भिंत झाली आणि डबा संपला. तीन लिटर रंग दुसऱ्या दुकानातून आणला. शेडचा नंबर तोच, पण उजेडात ती एक भिंत वेगळीच दिसू लागली. मग त्या भिंतीसाठी आणखी एक लिटर आणि पेंटरची जादा मजुरी.

चूक कुठे झाली? डब्यावरचा आकडा एका हाताचा होता. त्यांनी तो पुऱ्या कामाचा धरला. काही डब्यांवर हा आकडा दोन हातांचा धरूनही छापलेला असतो, म्हणून ती ओळ नीट वाचावी.

आता हाच हिशेब बरोबर मांडू. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. तिला उंची १० ने गुणले की ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७ म्हणजे २१, आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या म्हणजे ३२, असे ५३ वजा केले. राहिले ३८७. छत रंगवायचे असेल तर त्याचे १२० चौरस फूट वेगळे धरावेत. दोन हातांसाठी ३८७ ची दुप्पट ७७४, तिला १२० ने भागले की साडेसहा लिटरच्या आसपास. सांडलवंड धरून सात लिटर. एक चार लिटरचा आणि तीन एक लिटरचे डबे एकाच वेळी आणावेत आणि एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावावेत. म्हणजे डब्याडब्यांतला फरक भिंतीवर दिसत नाही.

हा १२० चा आकडा गुळगुळीत भिंतीसाठी असतो. खरबरीत गिलावा रंग जास्त पितो. तिथे ९० ते १०० धरलेले बरे. गडद भिंतीवर फिका रंग द्यायचा असेल तर बहुधा तिसरा हात लागतो. रंग पुरावा म्हणून काही पेंटर जास्त पाणी घालतात. त्याने रंग पुरल्यासारखा वाटतो, पण थर पातळ बसतो, खालची भिंत दिसते आणि शेवटी आणखी एक हात मारावाच लागतो. पाणी डब्यावर सांगितले असेल तेवढेच घालावे.

मजुरी बहुतेक ठिकाणी चौरस फुटावर ठरते. समजण्यापुरता ८ रुपये दर धरू. ३८७ चौरस फुटांचे ३,०९६ रुपये होतात. दार-खिडक्या वजा केल्या नाहीत तर तेच ३,५२० होतात, म्हणजे ४२४ रुपयांचा फरक. पेंटरचेही म्हणणे असते की चौकटीच्या कडा सांभाळायला वेळ जातो. म्हणून वजावट करायची की नाही, हे कामाआधीच बोलून घ्यावे. दरात किती हात, घासाई आणि लांबी भरणे धरले आहे, तेही कागदावर लिहून घ्यावे. रंग ३०० रुपये लिटर धरला तर सात लिटरचे २,१०० आणि मजुरी मिळून ५,१९६ रुपये झाले. आपल्या गावातला दर घालून आकडा बदलून घ्यावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भिंतीवर जुना चुना असेल तर आधी हात फिरवून पाहा. तळहाताला पांढरी भुकटी लागली तर त्यावर रंग धरत नाही, काही दिवसांत पोपडे सुटतात. ती भिंत खरवडून, घासून, प्रायमरचा एक हात द्यावा लागतो. म्हणजे प्रायमर वेगळा आणि खरवडण्याची मजुरीही वेगळी. हा खर्च आधीच हिशेबात धरला नाही, तर ठोक आकडा कामाच्या मध्येच वाढतो आणि अर्धी रंगलेली खोली सोडून देता येत नाही.

म्हणून पेंटरला बोलावण्याआधी टेप लावा, भिंतीवर हात फिरवा आणि डब्यावरची ओळ वाचा.