मेंटेनन्सचा तास कितीला?

प्रेस शॉपमधलं मशीन रात्रपाळीत बंद पडतं. सुपरवायझर मेंटेनन्सला फोन करतो आणि सकाळी वाद सुरू होतो: फिटर कधी आला, मशीन कधी चाललं, खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा? यासाठी अनेक कंपन्यांत मेंटेनन्स आणि उत्पादन विभाग आपसात लेखी करार करतात.

त्यात आधी कामाची हद्द ठरते. बिघाड दुरुस्ती आणि ठरलेली देखभाल मेंटेनन्सकडे; रोजचं ग्रीसिंग ऑपरेटरकडे. नवं मशीन बसवायचं असेल तर वेगळा अंदाज.

वेळेच्या कलमात दोन घड्याळं लागतात: एक फिटर पोहोचेपर्यंतचं, दुसरं मशीन सुरू होईपर्यंतचं. लाइन थांबली असेल तर पंधरा मिनिटांत फिटर हजर, चार तासांत मशीन सुरू, असं लिहिता येतं. तातडी मात्र परिणामावरून ठरली पाहिजे, नाहीतर प्रत्येक तक्रार तातडीचीच होते. सुटा भाग नसेल तर दुसरं घड्याळ थांबतं; पण तो भाग स्टोअरमध्ये ठेवायच्या यादीत असेल तर थांबता कामा नये. तक्रारी वेळेत बंद होत असूनही तेच मशीन आठवड्यात पुन्हा बंद पडत असेल, तर दुरुस्ती नावापुरती झाली आहे.

खरी मेख दरात आहे. समजा, मेंटेनन्सची क्षमता वर्षाला 15,000 तास आहे. पगार वगैरे स्थिर खर्च 60 लाख रुपये, शिवाय प्रत्येक तासाला 100 रुपयांचं तेल-साहित्य. पूर्ण काम असेल तर तास 500 रुपयांना पडतो. मंदीत 10,000 तासच वापरले गेले आणि सगळा खर्च त्यांवर वाटला, तर दर 700 होतो. बाहेरचा कंत्राटदार 600 मागतो, म्हणून पॅकिंग विभाग आपले 2,000 तास त्याला देतो. उरलेल्यांचा दर 850 वर जातो आणि तेही बाहेर बघू लागतात. पॅकिंगच्या हिशोबात बचत दिसते. कंपनी मात्र घरात 100 वाचवून बाहेर 600 मोजते.

म्हणून आकार दोन भागांत लावणं मला योग्य वाटतं. प्रेस शॉपने वर्षारंभी 6,000 तास राखून ठेवले, तर तासाला 400 प्रमाणे 24 लाखांचा स्थिर वाटा त्याच्यावर, म्हणजे दरमहा दोन लाख. त्यावर वापरलेल्या तासांचे 100 रुपये. मंदीत 4,000 तासच लागले तर एकूण 28 लाख. शेजारच्या विभागाने काम कमी केलं म्हणून प्रेस शॉपचं बिल वाढत नाही.

तासही प्रमाणित धरावेत. बेअरिंग बदलायला तीन तास ठरले असतील आणि पाच लागले, तर बिल तीनचंच. वरचे दोन तास मेंटेनन्सच्या खात्यात राहतात आणि त्यांचं कारण मेंटेनन्सच्या प्रमुखाला शोधावं लागतं.