एकदा विकलेला माल

ग्राहक संरक्षण कायद्याने सहा हक्क दिले आहेत. ते पाठ करायला सोपे असतात, खरी पंचाईत प्रसंग समोर आला की होते. स्वाध्यायासाठी एक नेहमीचा प्रसंग घेऊ.

एका बाईंनी घरासाठी मिक्सर घेतला. आठव्या दिवशी चटणी वाटताना मोटर जळाली. दुकानदाराने पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कोणता हक्क डावलला गेला?

बरेच जण ‘माहितीचा हक्क’ असे उत्तर लिहितात. पण दुकानदाराने काही लपवले असे दिसत नाही. वस्तू सदोष निघाली आणि त्यावर दाद मिळाली नाही, म्हणून इथे तक्रार निवारणाचा हक्क लागू होतो. पावतीवरची ती ओळ छापील असली तरी कायद्यापुढे टिकत नाही. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणे ही २०१९च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

आता बाईंनी काय करावे? मिक्सर बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नये. दोष मुळातला की हाताळणीतला, हा वाद तिथेच सुरू होतो. पावती जपून दुकानदाराला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पण ती मध्यस्थी करते, हुकूम देत नाही. हुकूम जिल्हा ग्राहक आयोगाकडून मिळतो. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

प्रसंग थोडा बदला. मिक्सर उत्तम चालतो, फक्त रंग आवडला नाही. आता बाईंना कायद्याचा आधार नाही. दुकानदाराने बदलून दिला तर तो त्याचा चांगुलपणा.

दुसरा प्रसंग पाण्याच्या बाटलीचा. छापील किंमत वीस रुपये, टपरीवाला थंड करण्याचे म्हणून पंचवीस घेतो. इथे मात्र माहितीचा हक्क नेमका बसतो, कारण किमतीची माहिती मिळून लुबाडणुकीपासून बचाव व्हावा यासाठीच तो आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे वैधमापन नियमांविरुद्ध असल्याने त्या विभागाकडे तक्रार करावी. तीच बाटली हॉटेलात टेबलावर आली तर उत्तर उलटते. तिथे पाण्याबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही घेतली जाते, म्हणून जास्त आकारणी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटले आहे.